सरासरी सारखीच आली म्हणून फरक नाही?

प्रश्न: आऊटकम 5 पॉइंटचा लायकर्ट आहे. गाईड म्हणतात ऑर्डिनल लॉजिस्टिक लावा. हे प्रपोर्शनल ऑड्स असम्प्शन म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगा.

तुमचे गाईड चांगले आहेत. माझ्या गाईडनी 'सरासरी काढा, टी-टेस्ट लावा, मोकळे व्हा' असं फर्मावलं होतं.

अंगणवाडी सेविकांना मी एक वाक्य दिलं होतं: 'ॲपमुळे माझं काम हलकं झालं.' 1 म्हणजे अजिबात नाही, 5 म्हणजे अगदी बरोबर. आकडे इथे शंभरात सांगतो. प्रशिक्षण न मिळालेल्यांची उत्तरं 1 ते 5 क्रमाने 20, 30, 20, 20, 10. मिळालेल्यांची 40, 15, 10, 5, 30. दोन्हीकडे सरासरी 2.7. सर म्हणाले, फरक नाही, तक्ता काढून टाका.

फरक नाही? प्रशिक्षण मिळालेल्यांत ज्यांच्या गावात रेंज होती त्या खूश होत्या. बाकीच्यांना ॲपही भरायचं आणि रजिस्टरही, त्या वैतागलेल्या!

ऑर्डिनल मॉडेल सरासरी काढतच नाही. पाच उत्तरांच्या मधे चार जागी रेघ मारता येते. प्रत्येक रेघेच्या वर किती आणि खाली किती, यांचा भागाकार म्हणजे ऑड्स. पहिल्या रेघेवर प्रशिक्षण नसलेल्यांचे ऑड्स 80/20, म्हणजे 4. असलेल्यांचे 60/40, म्हणजे 1.5. दुसऱ्याला पहिल्याने भागा: 0.38. पुढच्या तीन रेघांवर हेच गुणोत्तर 0.82, 1.26 आणि 3.9 येतं.

असम्प्शन एवढंच म्हणतं की ही चारही गुणोत्तरं एकच असावीत, कारण मॉडेल तुम्हाला एकच आकडा देणार आहे. समजा, प्रशिक्षितांची उत्तरं 11, 22, 21, 28, 18 असती. मग चारही रेघांवर गुणोत्तर जवळपास 2 आलं असतं, आणि 'वरचं उत्तर देण्याचे ऑड्स दुप्पट' हे एक वाक्य पुरलं असतं. माझ्या डेटात R मधलं `polr` चालवून येणाऱ्या गुणांकाचा `exp` घेतला तर 1 च्या आसपासचा आकडा येतो. म्हणजे सरांचाच निष्कर्ष, फक्त महागड्या कपड्यांत.

हे असम्प्शन तपासणाऱ्या ब्रँट टेस्टवर आंधळा विश्वास नको. सॅम्पल मोठं असलं की ती क्षुल्लक फरकावरही बोंब मारते. आधी चार गुणोत्तरं हाताने काढा. 1.8, 2.1, 2.3 अशी एकाच दिशेला असतील तर एक आकडा चालतो. 1 च्या दोन्ही बाजूंना गेली तर प्रत्येक रेघेवर वेगळं गुणोत्तर चालवून घेणारं पार्शल प्रपोर्शनल ऑड्स मॉडेल लावा (`VGAM` मधलं `vglm`), नाहीतर चारही गुणोत्तरं छापा.

हो, टोकाच्या उत्तरांत माणसं मोजकीच असतील तर तिथलं गुणोत्तर उगाच उड्या मारतं, हेही बघा. आणि दहा-बारा प्रश्नांची बेरीज करून स्कोअर बनवला असेल तर सरासरीला माझी हरकत नाही. सरांनी मात्र ती एकाच प्रश्नावर काढायला लावली होती.