रोज एक व्हिडिओ? आधी तिच्या तासांचा हिशेब मांडा

*माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीत. तिचं बेकिंगचं चॅनल आहे, 6,200 सबस्क्रायबर झालेत. गेल्या महिन्यात ब्रेडच्या एका शॉर्टला नऊ लाख व्ह्यूज आले, तरी एक पैसा मिळालेला नाही. आमचं नेमकं काय चुकतंय? मी तिला रोज एक व्हिडिओ टाकायला सांगतो, हवा तर चांगला कॅमेराही घेऊन देतो. पण हल्ली ती शूटिंगला टाळाटाळ करते. म्हणते, "बाबा, मला शिकवायला आवडतं, व्हिडिओ नकोत." एक कंपनी तीन व्हिडिओंच्या बदल्यात स्टँड मिक्सर द्यायला तयार आहे. बारावीनंतर वर्षभर कॉलेज थांबवून तिला पूर्णवेळ चॅनल करू द्यावं का? — एक पालक*

नमस्कार.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते "रोज एक व्हिडिओ". कमाईचं नंतर बोलू. तुम्ही एकदा तरी तिच्या शेजारी बसून एक व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत होताना पाहिलाय का? दहा मिनिटांच्या रेसिपी व्हिडिओसाठी पदार्थ आधी एकदा करून पाहावा लागतो, म्हणजे माप पक्कं होतं. मग सामान आणणं, ओटा रिकामा करणं, दिवे आणि स्टँड लावणं. शूटिंगच्या दिवशी पीठ मळताना हात कॅमेऱ्याच्या आड आला की तेवढं परत करायचं. ब्रेड फुगला नाही तर सगळंच परत करायचं, कारण भाजलेला पाव पुन्हा कच्चा होत नाही. त्यानंतर भांडी, एडिटिंग, आवाज, खालची अक्षरं, थंबनेल. सवय झालेल्या माणसालाही यात बारा ते पंधरा तास सहज जातात. बारावीच्या मुलीकडून हे रोज होणं शक्य नाही. शॉर्ट त्यापेक्षा लवकर होतो, पण पदार्थ तर त्यालाही करावाच लागतो.

ती टाळाटाळ करते असं तुम्ही म्हणता. मला ते तसं दिसत नाही. तिला काय आवडतं आणि काय नाही, हे तिने तुम्हाला एका वाक्यात स्वच्छ सांगितलंय. ते वाक्य तुम्ही पत्रात जसंच्या तसं लिहिलंत, आणि लगेच पुढच्या ओळीत मिक्सरवर गेलात. कॅमेरा घेऊन देणं तुमच्या लेखी प्रोत्साहन असेल. तिच्या लेखी मात्र ते फेडायचं ओझं होतं, कारण महागडी वस्तू घरात आली की "आता तरी व्हिडिओ कर" हे कोणी न बोलताही ऐकू येतं. कॅमेरा घेऊ नका. तिचा फोन पुरेसा आहे.

आता नऊ लाख व्ह्यूजचं. व्ह्यूज आले म्हणजे पैसे आले, हा समज फार घरांत आहे. यूट्यूब जाहिरातीतला वाटा द्यायला लागतं ते चॅनल त्यांच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये गेल्यावर. त्यासाठी 1,000 सबस्क्रायबर हवेतच. शिवाय गेल्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम किंवा गेल्या 90 दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज, यातलं एक काहीतरी हवं. तुमचे नऊ लाख एक कोटीच्या दहाव्या भागाहूनही कमी आहेत. आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये लोकांनी जे पाहिलं, त्याचा वेळ त्या 4,000 तासांत धरलाच जात नाही. म्हणजे तुमचं चुकलेलं काही नाही, कमाईचं दार अजून उघडलेलंच नाही. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. लांब व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं पाहत असतील, तर वर्षात साठ हजार व्ह्यूज हवेत, आणि तेही लांब व्हिडिओंवर. शॉर्ट पाहून सबस्क्राइब केलेला माणूस दहा मिनिटांच्या व्हिडिओवर येईलच असं नसतं. चॅनलच्या ॲनालिटिक्समध्ये शॉर्ट्स आणि लांब व्हिडिओंचे आकडे वेगवेगळे दिसतात, ते दोघांनी मिळून पाहा. पुढे दार उघडलं तरी लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले 55 टक्के तिला मिळतील. शॉर्ट्सचं गणित आणखी बारीक आहे. तिथे जाहिरातींचा पैसा एकत्र जमतो, व्ह्यूजच्या प्रमाणात वाटला जातो, गाणं वापरलं असेल तर त्यातला हिस्सा संगीताकडे जातो, आणि चॅनलच्या वाट्याला जे येतं त्यातले 45 टक्के हातात पडतात. अठरा पूर्ण होईपर्यंत पैसे घेणारं खातंही पालकाच्या नावावर लागतं. तेव्हा हिशेब तुमच्या नावावर येणार, पण पैसा तिचा असेल, हे आत्ताच ठरवून ठेवा.

मिक्सरची ऑफर मी नाकारली असती. तीन व्हिडिओ म्हणजे तिचे चाळीस-पंचेचाळीस तास. मिक्सरच्या किमतीला तेवढ्या तासांनी भागा आणि त्या दराने तुम्ही स्वतः काम केलं असतं का ते बघा. त्याहून मोठी गोष्ट सहसा मेसेजमध्ये लिहिलेली नसते. ते व्हिडिओ कंपनी स्वतःच्या जाहिरातीत वापरणार का आणि किती महिने? त्या काळात दुसऱ्या कंपनीचं उपकरण व्हिडिओत दिसलेलं चालणार का? "हा भाग परत शूट करा" असं किती वेळा म्हणणार? या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मागा. पैशाऐवजी वस्तू देणाऱ्या बऱ्याच कंपन्या तिथेच गप्प होतात. उत्तरं आली आणि तिला खरंच तो मिक्सर हवा असेल, तर एका व्हिडिओवर बोला. वस्तू फुकट मिळाली तरी ते प्रायोजित काम ठरतं, त्यामुळे व्हिडिओ टाकताना पेड प्रमोशनची खूण करायची आणि बोलतानाही सांगायचं. सतरा वर्षांच्या मुलीचा चेहरा कोणाच्या जाहिरातीत किती दिवस राहणार, ही सही तुमची असेल.

तिला शिकवायला आवडतं ना? मग पैशाच्या दृष्टीनेही ती तुमच्यापेक्षा बरोबर दिशेला बघते आहे. ब्रेडचा एक ऑनलाइन क्लास घेऊ या. अडीच तास, दहा जागा. मी खर्च नेहमी जागांमध्ये मोजायला सांगतो, म्हणजे फी कितीही ठेवली तरी हिशेब डोळ्यासमोर राहतो. समजा सराव आणि प्रत्यक्ष क्लास मिळून सामान आणि गॅस-विजेत दोन जागांची फी गेली. मीटिंगची वर्गणी (झूमची फुकट मीटिंग 40 मिनिटांत संपते), पैसे स्वीकारण्याचं शुल्क आणि थोडी जाहिरात यांत एक जागा. ऐनवेळी कोणी आलं नाही किंवा कोणाचा ब्रेड बिघडला तर परत द्यायला एक जागा बाजूला. उरल्या सहा. आता तास मोजा: सामानाची यादी आणि मेसेजना दोन, रंगीत तालमीला तीन, आधीच्या तयारीला दोन, क्लासचे अडीच, नंतरची आवराआवर आणि शंका यांना दीड. एकूण अकरा. म्हणजे तासाला अर्ध्या जागेहून जरा जास्त.

हे कमी वाटेल. पण तोच क्लास दुसऱ्यांदा घेतला की तालमीचे तीन तास जातात, यादी तयार असते म्हणून आणखी एक तास वाचतो, आणि सामान एका जागेच्या फीत भागतं. सात जागा, सात तास. व्हिडिओत असं होत नाही, तिथे दर वेळी नवा पदार्थ लागतो. उलट बाजूही पाहा. पाचच जणांनी नाव दिलं तर सामान आणि वर्गणी तेवढीच राहते, हातात जेमतेम एक-दीड जागा उरते. म्हणून किती नावं आल्याशिवाय क्लास घ्यायचा नाही ते आधी ठरवा. माझ्या मते सहा. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे घालून परत मांडा.

क्लास बिघडतो तो बहुतेक वेळा मापामुळे. समजा तिची कृती 500 ग्रॅम मैदा, 325 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट अशी आहे. शिकणाऱ्यांना तिने "चार कप मैदा" सांगितलं, तर कोणी कप अलगद भरेल आणि 480 ग्रॅम घेईल, कोणी दाबून भरेल आणि 600. पाणी तेच राहिल्यावर एकाचं पीठ हाताला चिकटतं, दुसऱ्याचं दगडासारखं होतं, आणि दोघंही विचारतात की आमचं काय चुकलं. म्हणून यादीत वजनकाटा सक्तीचा. दुसरी अडचण वेळेची. उबदार स्वयंपाकघरात पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, थंड घरात दोन तासही लागतात. दहा घरांतली पिठं एकाच वेळी फुगणार नाहीत. तिने एक पीठ दीड तास आधी मळून ठेवावं आणि आकार देणं त्यावर दाखवावं. शिकणाऱ्यांनी आपापलं पीठ फुगल्यावर नंतर भाजावं आणि फोटो पाठवावा. फुगलं की नाही ते घड्याळावरून ठरवायचं नाही: पीठ लावलेलं बोट हलकेच दाबलं आणि खळगा सावकाश अर्धवट भरून आला, तर तयार. लगेच उसळून वर आला तर थांबायचं, जसाच्या तसा राहिला तर जास्त वेळ झाला. हे दाखवायला ओट्यावर वरून रोखलेला एक फोन आणि चेहऱ्यासमोर दुसरा, एवढं पुरतं. आणि तुम्हाला मदत करायचीच असेल तर चॅटमध्ये येणारे प्रश्न वाचून तिला सांगा. ते काम खरोखर लागतं, आणि एकटीने शिकवताना ते जमत नाही.

कॉलेज थांबवायचं कारण मला दिसत नाही. हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा, बेकरीचा डिप्लोमा, फूड टेक्नॉलॉजी, साधी पदवी, यातलं काहीही महिन्याला दोन क्लासांच्या आड येत नाही. चॅनल बंद करायचीही गरज नाही. तिच्या मनात येईल तेव्हा एक व्हिडिओ टाकू दे, क्लासला येऊ पाहणाऱ्याला ती कशी शिकवते ते त्यातून कळेल. परीक्षा होईपर्यंत मात्र क्लासही नको.

परीक्षेनंतर पहिला क्लास ओळखीच्या चार-सहा जणांसाठी घ्या, पण फुकट नको, अर्धी फी घ्या. फुकटात लोक नाव देतात आणि येत नाहीत, मग मापं आणि वेळ कुठे चुकतेय ते कळत नाही. कोणता ब्रेड, किती जागा, किती फी हे तिला ठरवू द्या. पूर्ण फीचे तीन क्लास झाले की उरलेल्या जागा आणि लागलेले तास यांचा कागद पाठवा, आणि सोबतचं पत्र तिला लिहू द्या.