निघताना थंडी वाजू दे

प्रिय पोरी,

तुझी यादी वाचली. दोन थर्मल, स्वेटर, जाड पफर जॅकेट, माकडटोपी, आणि खाली प्रश्न, ‘काका, एवढ्यात भागेल ना?’ हॉटेलच्या गच्चीत चहा प्यायला नक्की भागेल. पण जानेवारीत मनालीला सकाळी सातच्या सुमारास, उणे 2 अंशांत हे सगळं अंगावर चढवून धावलीस तर गारठशील, आणि तेही कपडे जास्त झाले म्हणून. डिसेंबरात ठाण्यात येऊरच्या चढाला विंडचीटर घालून येतेस ना, तेव्हाच हे बोलायला हवं होतं.

निघताना थंडी वाजली पाहिजे. दाराबाहेर पाऊल टाकलं की अंग शहारलं पाहिजे, आणि पहिली पाच-दहा मिनिटं ‘आणखी एक कपडा घालायला हवा होता’ असं वाटत राहिलं पाहिजे. उभ्याउभ्याच छान ऊब वाटली तर परत आत जा आणि एक कपडा काढून ठेव. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

कारण साधं आहे. धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून कपडे ठरवताना तापमानात 8 ते 10 अंश मिळवायचे. उणे 2 असेल तर 7 अंशांत फिरायला निघाल्यासारखे कपडे. त्याहून जास्त घातलंस की घाम येणार. ठाण्यात घाम निथळतो, डोळ्यांत जातो, त्यामुळे तो कळतो. तिथल्या कोरड्या हवेत चेहऱ्यावरचा घाम लगेच उडतो आणि जॅकेटच्या आतला थर मात्र गुपचूप भिजत जातो. धावत आहेस तोवर काही वाटत नाही. वेग कमी झाला की तोच ओला कपडा अंगातली उष्णता ओढून घेतो. सुती कपडा यात सगळ्यात वाईट, कारण तो पाणी धरून ठेवतो. आपल्याकडे थर्मल म्हणून मिळणाऱ्या कित्येक कपड्यांत सूत असतं. लेबल वाचून घे.

तर आत पूर्ण बाह्यांचा, अंगाला चिकटून बसणारा पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा एक थर, आणि त्यावर पुढे चेन असलेलं पातळ विंडचीटर. बस. मधला पातळ फ्लीस उणे 5 च्या खाली किंवा अगदी सावकाश धावणार असशील तर. पायांत एकच टाइट्स. विंडचीटरची चेन हाच तुझा रेग्युलेटर. घाम आल्यावर ती उघडून उपयोग नाही. चढ सुरू झाला की लगेच छातीपर्यंत खाली ओढायची आणि उतार लागण्याआधी वर घ्यायची.

आता वाऱ्याचं बघ, कारण खरी फसगत तिथे होते. रात्री डोंगरउतार थंड होतात आणि जड, गार हवा दरीतून खाली वाहते. सूर्य वर येऊन उतार तापेपर्यंत हे चालू असतं. म्हणून सकाळी मनालीहून नेहरू कुंडाच्या दिशेला, म्हणजे बियासच्या वरच्या अंगाला आधी जा. समज, वारा ताशी 8 किलोमीटरचा आहे. ताशी 8 च्या वेगाने चढताना तुला समोरून 16 चा वारा लागेल, पण तेव्हा अंग कोरडं आहे आणि चढामुळे उष्णता भरपूर तयार होते आहे. परतताना उतारावर तुझा वेग 12, वारा पाठीमागून 8, म्हणजे अंगाला लागतो जेमतेम 4 चा. त्या वेळी तू थोडी भिजलेली असणार आणि उतारावर मेहनत कमी, म्हणून हे महत्त्वाचं. दुपारी गणित उलटतं. उतार तापले की वारा दरीतून वर चढतो. तेव्हा हाच रस्ता धरलास तर परतताना 12 अधिक 8, म्हणजे 20 चा वारा ओल्या कपड्यांवर समोरून येईल. इतका वारा असला तर उणे 5 अंशांची हवा उघड्या कातडीला उणे 12 सारखी लागते.

वॉर्मअप. उपवनच्या कट्ट्यावर आठ मिनिटांत उरकतेस, तिथे वीस लागतील, कारण थंड स्नायू हळू आकुंचन पावतात. त्यातली पहिली आठ मिनिटं खोलीत: जागच्या जागी चालणं, जिना चढउतार, पाय पुढेमागे झुलवणं. विंडचीटर न घालता, आणि कपाळ ओलं होण्याआधी थांबायचं. खोलीतच घामाघूम झालीस तर सगळं फुकट. मग लगेच बाहेर. दोन मिनिटं झपझप चाल, आठ मिनिटं इतकी सावकाश धाव की पूर्ण वाक्य बोलता यावं, आणि शेवटी तीन स्ट्राइड्स, म्हणजे हळूहळू वेग वाढवत वीस-वीस सेकंदांच्या छोट्या धावा, मध्ये चालत. बाहेर उभं राहून ताणत बसू नकोस.

या सावकाश मिनिटांचा फायदा छातीलाही होतो. फुफ्फुसं ‘गोठत’ नाहीत, ती भीती सोड. हवा नाकाघशातून खाली जाईपर्यंत बरीच गरम होते. त्रास कोरडेपणाचा असतो. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरला फार तर 5 ग्रॅम वाफ मावते, आणि शरीराला ती 37 अंशांवर सुमारे 44 ग्रॅमपर्यंत न्यावी लागते. ते पाणी श्वासनलिकेच्या अस्तरातून जातं. वेग वाढला की तोंडाने धापा टाकतेस, अस्तर सुकतं आणि काहींच्या नलिका आवळतात. मनाली 2,000 मीटरवर आहे, तिथे श्वास तसाही जास्त लागतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस वेगाचा सराव नाहीच. गळ्यात घालायचा नळीसारखा पातळ कपडा, म्हणजे बफ, नाकातोंडावर ओढून घे, सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओल त्यात अडकून पुढच्या श्वासाला मिळते. तो भिजून गार पडला की फिरवून कोरडी बाजू पुढे आण. थांबल्यावर पाच-पंधरा मिनिटांत खोकला, छातीत आवळल्यासारखं किंवा श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज आला तर ‘थंडीमुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नकोस. डॉक्टरांना दाखव. लहानपणी दमा होता म्हणालीस ना? मग निघण्याआधीच दाखव, आणि पंप दिला तर तो कधी घ्यायचा हे नीट विचारून घे.

बोटांना मात्र माझा नियम लागू नाही. तिथे लाड कर. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीत, ऊब येते ती रक्तातून, आणि थंडी वाजली की शरीर आधी तिथलंच रक्त कमी करतं. त्यामुळे हातमोजे खोलीतच, हात गरम असतानाच घालायचे. आत पातळ पाच बोटांचे, वर चारही बोटं एकत्र राहणारे वारा न शिरणारे. हात तापले तर वरचे काढून कमरेला खोव. बोटांची टोकं पांढरी पडून बधिर झाली तर हात काखेत घालून परत फीर. चोळायचं नाही, शेकोटीवर धरायचं नाही, कारण बधिर बोट भाजलेलं कळत नाही. आत आल्यावर अर्ध्या तासातही रंग आणि जाणीव परतली नाही तर थेट दवाखाना.

पफर जॅकेट ने, पण ते परतल्यावर. दारातच ओला थर उतरव, कोरडा घाल, वर पफर, मग खुशाल चहा. आणि रस्त्याच्या सावलीतल्या पट्ट्यांत काळं, ओलं दिसेल ते पाणी समजू नकोस, बर्फाचा पातळ थर असतो. तिथे चालत जा.

तुझा,
काका