एकच कंपनी, तीन आकडे: कामगार कायद्याची प्रश्नोत्तरे

प्रश्न: चाकणच्या एका कंपनीच्या संचालकांच्या अहवालात ६४० कर्मचारी आहेत, बीआरएसआर या व्यवसायाच्या जबाबदारीविषयीच्या अहवालात १,५५० आणि भरतीच्या जाहिरातीत ४,२००. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. संचालकांच्या अहवालात कंपनी कायद्यानुसार पटावरच्या कायम कर्मचाऱ्यांची संख्या द्यावी लागते, म्हणून ६४०. सेबीने ठरवलेल्या बीआरएसआरमध्ये कायम आणि ‘कायम नसलेले’ असे वेगळे रकाने असतात. तिथे आणखी ९१० जण धरले, की १,५५० होतात. उरलेले २,६५० उपकंपन्यांचे असावेत. बीआरएसआरच्या सुरुवातीलाच माहिती एकट्या कंपनीची की एकत्रित, हे लिहिलेलं असतं. आधी ते बघा. जाहिरातीत मात्र ‘आमचा ४,२०० जणांचा परिवार’ एवढंच छापतात, कारण मोठा आकडा उमेदवाराला भुलवतो. ऑफर लेटरवर नेमकं कोणत्या कंपनीचं नाव आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न: मी सहा वर्षं त्याच लाइनवर आहे, पण पीएफ ठेकेदाराच्या नावाने जमा होतो. मी कंपनीचा नाही का?

कायम कर्मचाऱ्यांच्या आकड्यात नाही. पण कंपनीचा तुमच्याशी संबंधच नाही, हे गेटवरचं ऐकीव ज्ञान कृपया सोडा. कामगार कायद्यांच्या हिशेबात ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच असतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते, पीएफच्या भरण्याचंही तसंच.

गोंधळ होतो तो ठेकेदार बदलताना. माणूस तोच, मशीन तेच, पीएफचा यूएएन क्रमांकही तोच राहायला हवा. फक्त आस्थापनेचं नाव बदलतं. काही ठेकेदार मात्र नवा यूएएन काढतात किंवा मधले दोन महिने भरतच नाहीत, आणि कामगाराला ते ठेकेदार पसार झाल्यावर कळतं. म्हणून पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडा. पगारपत्रकात कपात दिसते आणि पासबुकात भरणा नाही, तर पुढच्या पगाराची वाट न बघता कंपनीच्या एचआरला लेखी कळवा, पोच घ्या. गेटपास, ईएसआय कार्ड, पगारपत्रकं यांच्या प्रती घरी ठेवा. काम कुठे केलं हे पुढे त्यांवरूनच दाखवता येतं. सहा वर्षांमुळे आपोआप कायम होता येत नाही. ठेका नावापुरताच आहे का, हे काम कोण सांगतं, रजा कोण देतं यावरून तपासावं लागतं. कागद घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा. नोकरी सुटण्याआधी भेटलात तर बरं.

प्रश्न: कर्मचाऱ्यांच्या आकड्यात अ‍ॅप्रेंटिस धरतात का?

कायद्याने ते प्रशिक्षणार्थी आहेत, कामगार नाहीत.

प्रश्न: यंदा कायम कर्मचारी ३०० ने कमी दिसतात. कपात झाली म्हणतात.

कोण म्हणतं? एखादा विभाग उपकंपनीत हलवला, तरी मूळ कंपनीचा आकडा घटतो आणि समूहाचा तसाच राहतो. दोन्ही वर्षांचे ३१ मार्चचे आकडे एकाच अहवालातून, एकाच रकान्यातून घ्या. शेअर विकायचे असतील, तर आधी सल्लागाराला ते दाखवा.