चारशेच्या राउंडआधी वॉर्म-अप: काय करायचं, किती वेळ?

*प्रश्न: पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी आठवड्यातून दोनदा चारशेचे राउंड मारतो. ग्राउंडवर वॉर्म-अपबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. नक्की काय करायचं आणि त्याला किती वेळ द्यायचा?*

साधारण पंचवीस मिनिटं द्या. त्यातली बारा मिनिटं हळू जॉगिंगची, सात-आठ मिनिटं हालचालींची आणि शेवटची पाच स्ट्राइड्सची, म्हणजे वेग चढवत नेलेल्या छोट्या धावांची. वेळ कमी असेल तर हालचाली कमी करा, पण स्ट्राइड्स सोडू नका. ग्राउंडवर बहुतेक जण नेमकं हेच सोडतात.

मीही सोडायचो. दोन राउंड जॉगिंग, मग उभं राहून मांड्या आणि पोटऱ्या ताणत गप्पा, आणि थेट पहिला चारशे. माझं लक्ष्य ८० सेकंदांचं असायचं, म्हणजे १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत. पहिला राउंड ८६ मध्ये यायचा, पाय शिशासारखे जड. तिसरा मात्र सहज ७९ मध्ये. पहिला राउंड असाच जातो, अशी माझी समजूत होती. मग डिसेंबरातल्या एका पहाटे पहिल्याच राउंडच्या दुसऱ्या वळणावर मांडीच्या मागे चमक भरली आणि पुढचे तीन आठवडे ग्राउंड बंद झालं.

याचं कारण कळल्यावर वॉर्म-अपचा क्रम आपोआप ठरतो. वेगात पळताना पाय पुढे जातो आणि जमिनीला टेकण्याच्या जरा आधी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, सगळ्यात जास्त ताणलेला असतो. त्याच क्षणी त्याला पायाला ब्रेकही लावायचा असतो. जॉगिंगमध्ये पाऊल छोटं पडतं, त्यामुळे तो तिथवर पोचतच नाही. जॉगिंगने स्नायू गरम होतो, पण त्या ताणाची सवय वेग वाढवत नेल्यावरच होते.

म्हणून आधी जॉगिंग, बोलता येईल इतकं हळू. कपाळावर हलका घाम आला की पुरे. थंडीत पाच मिनिटं वाढवा आणि स्वेटर अंगावरच ठेवा. मे महिन्यात आठ मिनिटांतही काम होतं.

मग हालचाली. कुंपण धरून पाय पुढे-मागे आणि आडवा झोकायचा, प्रत्येक बाजूला दहा-बारा वेळा. सुरुवातीचे झोके छोटे ठेवा, पहिल्याच झोक्याला पाय छातीपर्यंत नेऊ नका. नंतर चालत लंजेस, म्हणजे लांब पाऊल टाकून गुडघे वाकवत खाली जायचं, प्रत्येक पायाने आठ. मागच्या पायाचा खुबा पुढून ताणला जातोय असं जाणवलं पाहिजे. त्यानंतर चवड्यांवर वीस मीटर चाला. घोटा आणि पोटरी त्यानेच जागी होते.

ड्रिल्समध्ये माझ्या मते दोन पुरेत: ए-स्किप, म्हणजे गुडघा उचलत लहान उड्यांनी पुढे जाणं, आणि हाय नी, म्हणजे गुडघे वर उचलत पळणं, प्रत्येकी वीस मीटर, दोनदा. गुडघा किती वर जातो यापेक्षा पाय कमरेखाली पडतो का आणि जमिनीवरून झटकन उचलला जातो का, हे बघा. धड मागे झुकत असेल तर गुडघा खाली आणा. बी-स्किप, म्हणजे ए-स्किपमध्येच पाय पुढे सरळ करणं, कोणी शिकवणारं असेल तरच करा. पाय पुढे फेकायची सवय लागली तर नुकसानच होतं.

आता स्ट्राइड्स. ८० मीटरचे चार. पहिला आरामात, दुसरा जरा वेगात, तिसरा तुमच्या चारशेच्या वेगाने, चौथा त्याहून किंचित जास्त. प्रत्येकात वेग हळूहळू चढवायचा, उभ्या जागेवरून झेप घ्यायची नाही. चालत परत यायचं आणि श्वास खाली बसल्यावरच पुढचा घ्यायचा. चौथ्यानंतर धाप टिकून राहिली, तर स्ट्राइड्स फार जोरात झाले असं समजा. त्यानंतर तीन ते पाच मिनिटांत पहिला राउंड सुरू करा. पंधरा मिनिटं बसून राहिलात तर कमावलेली ऊब निघून जाते.

स्नायू ताणून धरणं सगळे राउंड संपल्यावर ठेवा. एकच स्नायू मिनिटभर किंवा जास्त धरून ठेवला, तर त्याची ताकद काही वेळ थोडी उतरते. दहा-पंधरा सेकंदांनी फारसं बिघडत नाही, पण त्याने वेगाची तयारीही होत नाही.

पुरेसं झालं का, हे पहिला आणि तिसरा राउंड शेजारी लिहून बघा. पहिला चार-पाच सेकंदांनी मागे पडतोय आणि जडही वाटतोय, तर जॉगिंग तीन मिनिटांनी वाढवा किंवा एक स्ट्राइड जास्त घ्या. मी हे बदलल्यावर दोनेक आठवड्यांत माझा पहिला राउंड ८१ वर आला. १०० मीटरचा सराव असेल त्या दिवशी मात्र ६० मीटरचे दोन जास्तीचे स्ट्राइड्स घ्या, शेवटचा जवळजवळ पूर्ण वेगाने.

आणि स्ट्राइडमध्येच मांडीच्या मागे टोचल्यासारखं झालं, तर त्या दिवशी राउंड मारू नका. चालत घरी या.