फोटोवरून डबा नापास करता येतो, पास करता येत नाही

प्रश्न : बटण मशरूमचा ८०० ग्रॅमचा सीलबंद डबा आहे, एक्स्पायरीला अजून वर्ष आहे. घरी आणताना पिशवीतून पडला, खालच्या बाजूला चेपलाय. आता वरचं झाकणही किंचित फुगल्यासारखं वाटतंय. दोन फोटो टाकतेय, एक वरून आणि एक बाजूने. पडल्यामुळे फुगलाय की आतून खराब झालाय? उघडून वास घेतला तर कळेल ना?

उत्तर :

ताई, हा डबा उघडू नका. वास घ्यायलासुद्धा नाही.

मी बरीच वर्षं कोकणात आंब्याच्या रसाच्या कॅनिंगमध्ये, गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर काढली. तुमच्या फोटोंत मला काय दिसतंय ते आधी सांगतो.

वरून काढलेला फोटो जवळजवळ निरुपयोगी आहे. मोबाईल डब्याच्या अगदी जवळ नेऊन काढलाय. इतक्या जवळून साधी लेन्ससुद्धा मधला भाग मोठा आणि कडा मागे गेल्यासारख्या दाखवते, त्यामुळे चांगलं, सपाट झाकणही घुमटासारखं दिसतं. त्यात झाकणावर ज्या गोल वळ्या असतात त्यांच्यावर ट्यूबलाइट चमकतेय. त्या वळ्या मुद्दामच दिलेल्या असतात. कारखान्यात डबा तापवला की आतला दाब वाढतो, तेव्हा झाकण बाहेर यावं आणि थंड झाल्यावर परत आत बसावं म्हणून. म्हणजे वळ्या दिसल्या म्हणून झाकण फुगलं असं होत नाही. नुसता हाच फोटो असता तर मी काहीच बोललो नसतो.

बाजूचा फोटो मात्र बोलका आहे. पोचा डब्याच्या पोटावर नाही, तो थेट खालच्या कडेवर गेलाय. तिथे कडेची गोलाई मोडून टोकदार घडी पडलीय. त्याच जागी लेबलखाली तपकिरी डाग उतरलाय. तो गंज असेल किंवा आतलं पाणी झिरपलं असेल. दोन्हींत निकाल तोच.

कडेवरच्या पोच्याला इतकं महत्त्व का, ते सांगतो. झाकण आणि डब्याचं अंग जिथे एकमेकांत दुमडून दाबलेलं असतं त्याला आम्ही डबल सीम म्हणतो. पत्र्याचे पाच थर एकमेकांत अडकलेले आणि मध्ये रबरासारख्या लुकणाचा पातळ थर. डब्याची सगळी सुरक्षा या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीवर उभी असते. फटका बसला की थर क्षणभर एकमेकांपासून सरकतात. आत निर्वात असल्यामुळे डबा बाहेरची हवा आणि ओल आत ओढतो, आणि त्याबरोबर जंतूही. पुष्कळदा ती फट पुन्हा मिटते, बाहेर थेंबही दिसत नाही. उभ्या जोडावर पोचा आला तरी हीच गत.

डब्याच्या पोटावर, जोडापासून दूर, उथळ आणि गोलसर पोचा असेल तर मी तो डबा स्वतः खातो. पत्रा वाकतो, फाटत नाही. पण पोच्यात बोट बसत असेल, किंवा पत्र्याला धारदार घडी पडली असेल, तर तिथे आतला लेप तडकलेला असू शकतो. मग तो डबाही बाद.

आता तुमचा खरा प्रश्न, पडल्यामुळे फुगला की आतून. दोन्ही शक्य आहे. डबा चेपला की आतली जागा कमी होते आणि झाकण थोडं वर ढकललं जातं. माल निर्दोष असतानाही. अशा डब्याचं फुगलेलं टोक दाबलं की आत बसतं आणि दुसरं टोक टपकन बाहेर येतं. पण जंतूंनी गॅस करायला नुकती सुरुवात केली असेल तर पहिले काही दिवस डबा अगदी असाच वागतो. पुढे तो दाबला जातो पण परत वर येतो, आणि शेवटी दगडासारखा कडक होतो. कारखान्यातसुद्धा असे डबे हाताने दाबून निकाली काढत नाहीत. बाजूला काढून प्रयोगशाळेत पाठवतात, नमुने ३७ अंशांवर ठेवून पुढे काय होतं ते पाहतात. फोटोत तर दाब कळत नाही आणि आवाजही कळत नाही. आमच्याकडे जुने लोक डब्यांच्या रांगेवरून काठीने ठोकत जायचे. निर्वात टिकलेला डबा खणखणीत वाजतो, गेलेला बद्द वाजतो. ते कसब फोटोतून कुणाला दाखवणार?

फुगण्याची निरुपद्रवी कारणंही असतात, ती कुणीतरी खाली लिहीलच म्हणून आधीच सांगतो. आंब्याचा रस, अननस, टोमॅटो असे आंबट पदार्थ वर्षानुवर्षं राहिले की आम्ल पत्र्याला खातं, हायड्रोजन तयार होतो आणि डबा फुगतो. जंतू नसतात. मुंबईत भरलेला डबा लेहला नेला तर बाहेरचा हवेचा दाब कमी झाल्याने झाकण सैल पडतं. फ्रीझरमध्ये गोठलेला डबाही फुगतो, आणि त्यात जोड ताणले जातात ते वेगळंच. यातलं काहीही तुमच्या डब्याला लागू नाही. तुमचे मशरूम आहेत.

मशरूममध्ये अडचण आम्लतेची आहे. ज्या जंतूला सगळे घाबरतात तो क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम. पीएच ४.६ च्या खाली तो वाढत नाही. आंब्याचा रस आणि अननस त्या रेषेच्या खाली असतात, म्हणून ते नुसत्या उकळत्या पाण्यात शिजवूनही टिकतात. मशरूम, मका, वाटाणे, मासे हे रेषेच्या वर. त्यांना रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाच्या मोठ्या भांड्यात, तापवावं लागतं. मोजमाप असं असतं की डब्याच्या अगदी मध्यभागी निदान १२१ अंशांवर तीन मिनिटं ठेवल्याएवढी उष्णता पोचली पाहिजे. कारण या जंतूचे बीजाणू शंभर अंशांच्या उकळीत तासन्‌तास तग धरतात. ही प्रक्रिया कमी पडली किंवा नंतर जोडातून जंतू शिरला, की बंद डबा त्याला हवा तसाच मिळतो. हवा नाही, आंबटपणा नाही आणि खायला भरपूर.

वासाबद्दल. या जंतूच्या काही जाती प्रथिनं कुजवतात, त्यांचा घाण वास येतो. काही जाती कुजवत नाहीत. त्यांचं विष तयार झालेलं असलं तरी पदार्थ नेहमीसारखाच दिसतो आणि वासही बदलत नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला चार वयस्कर माणसांनी सामन माशाचा एक डबा वाटून खाल्ला. चौघांना विषबाधा झाली, दोघे गेले. डब्याला बारीकसा दोष होता आणि उष्णतेची प्रक्रिया झाल्यानंतर जंतू त्यातून आत गेला होता. विषाचा प्रकार होता ई, म्हणजे तोच न कुजवणाऱ्यांपैकी. त्यामुळे डबा फुगला नाही, वास आला नाही, म्हणून चांगला, हे गणित मांडू नका. चव घेऊन पाहणं तर मुळीच नको. विष इतक्या कमी मात्रेत काम करतं की जिभेवरचा एक घाससुद्धा पुरतो.

उकळून खाऊ का, असाही प्रश्न येईल. विष स्वतः उष्णतेने मोडतं, दहा मिनिटं खळखळून उकळल्यावर ते टिकत नाही, हे खरं. पण त्यासाठी डबा आधी उघडावा लागतो. दाब असलेला डबा ओपनर लागताच पिचकारीसारखा उडतो, हातावर, ओट्यावर, तोंडावर. एका डब्यासाठी हा खटाटोप कशाला?

यापुढे शंका आली तर फोटो असा काढा. डबा टेबलावर ठेवा. स्टीलची सरळ पट्टी झाकणावर आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टेकवा. मोबाईल पट्टीच्या उंचीला धरून मीटरभर मागे जा आणि झूम करा. चांगल्या डब्यात कड झाकणापेक्षा वर असते, म्हणून पट्टीखाली उजेडाची फट दिसते. पट्टी मध्येच टेकली किंवा डुगडुगली तर झाकण फुगलंय, पुढे काही विचारायचं उरत नाही. फट दिसली तर डबा उलटा करून तळाचाही असाच फोटो घ्या आणि शक्य असेल तर त्याच कंपनीचा दुसरा चांगला डबा शेजारी ठेवा. दोघांच्या फटीत फरक दिसला तरी बाद. मग लेबल सोडवून उभा जोड आणि दोन्ही कडा चारही बाजूंनी दाखवा. लेबलखालीच बहुतेक गोष्टी लपलेल्या असतात. एवढं सगळं नीट दिसलं तरी मी एवढंच म्हणेन की फोटोत दोष दिसत नाही. तो चांगला आहे असं फोटोवरून कुणीही म्हणू नये, मीसुद्धा.

हा डबा टाकताना भोक पाडू नका आणि दाबूनही पाहू नका. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत एकात एक घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा, वर ‘खराब, उघडू नये’ असं लिहा. कचऱ्यात अशा बेताने ठेवा की कुत्री-मांजरं किंवा कचरा वेचणारी माणसं तो काढणार नाहीत. आधीच काही गळून ओट्यावर आलं असेल तर हातमोजे घालून, एक भाग साधं ब्लीच आणि पाच भाग पाणी असं मिश्रण त्या जागी ओता, अर्धा तास राहू द्या, मग कागदाने पुसून तो कागदही त्याच पिशवीत टाका.

डब्यातलं कुणी खाल्लेलं नाही असं धरून चाललोय. खाल्लं असेल तर पोटाच्या तक्रारीची वाट पाहत बसू नका. दुहेरी दिसणं, पापण्या जड होऊन मिटणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळताना त्रास, आणि ताप मात्र नाही, हे बहुधा १२ ते ३६ तासांत, कधी काही दिवसांनीही सुरू होतं. यातलं एकही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि डबाबंद मशरूम खाल्ल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. प्रतिविष जितकं लवकर तितकं उपयोगी.

टाकण्याआधी एक फोटो मात्र जरूर काढा, झाकणावर किंवा तळाला छापलेल्या बॅच नंबरचा. तुमचा डबा तुमच्या हातून पडला, त्यात दुकानदाराचा दोष नाही. पण न पडलेला दुसरा डबा त्याच बॅचचा फुगलेला निघाला, तर तो कारखान्याचा मामला आहे. तेव्हा दुकानदाराला दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तिथे तो नंबरच विचारतात.