डिस्काउंट रेट म्हणजे कर्जाचा व्याजदरच का?

व्याजदर, अपेक्षित परतावा, डिस्काउंट रेट: तिन्ही टक्केच, मग फरक काय?

कर्ज देणारा मागतो तो व्याजदर. तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात पैसे घालून जे सुटलं असतं, तो किमान अपेक्षित परतावा. पुढची रक्कम आजच्या किमतीत आणायला गणितात वापरतो तो डिस्काउंट रेट. तो सहसा अपेक्षित परताव्यावरूनच ठरतो.

समजा आज एका प्रकल्पात १०० रुपये घातले, सगळे स्वतःचेच; वर्षाने ११२ येणार. बाजारात कर्ज ९ टक्क्यांनी मिळतं, तशाच जोखमीत इतरत्र १४ टक्के सुटतात. ११२ ला १.०९ ने भागलं की १०२.७५ येतात, प्रकल्प फायद्याचा वाटतो. १.१४ ने भागा: ९८.२५, म्हणजे १०० सुद्धा नाहीत! नवशिके इथेच फसतात. सावकाराकडे तारण असतं म्हणून त्याला ९ पुरतात. प्रकल्प बुडाला तर झळ तुम्हाला.