टोक पाण्याच्या पातळीवर असलेली त्रिकोणी पट्टी

बेळगावात डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना दिसलेली पहिली चूक सांगतो: पट्टी पाण्यात उभी, टोक वर, पाया खाली असूनही केंद्रक पाण्याच्या पातळीपासून h/3 खोलीवर धरतात, h म्हणजे त्रिकोणाची उंची. ते अंतर पायापासूनचे आहे. पातळीपासून ते 2h/3 भरते.

पाया b 2 मीटर, उंची h 3 मीटर घ्या. क्षेत्रफळ 3 चौरस मीटर, केंद्रकाची खोली 2 मीटर, म्हणून पाण्याचे बल 9.81 × 2 × 3 = 58.86 किलोन्यूटन. दाबकेंद्रासाठी, म्हणजे हे बल जिथे लागते त्या बिंदूसाठी, केंद्रकातून जाणारा जडत्वाघूर्ण bh³/36, म्हणजे 1.5, घ्यावा, त्याला क्षेत्रफळ व खोलीच्या गुणाकाराने, 6 ने, भागल्यावर 0.25 येते, ते केंद्रकाच्या खोलीत मिळवले की दाबकेंद्र 2.25 मीटर खोलीवर, म्हणजे 3h/4 वर, मिळते. उत्तर 1.5 मीटर आले, तर तुम्ही त्रिकोण उलटा धरला आहे.

तिरप्या पट्टीकडे सध्या वळू नका.